अनपेक्षित युक्तिवादानंतरची दोन मिनिटे: रिबटल आणि सर-रिबटलची आखणी

मूट फेऱ्यांच्या सरावासाठी आमच्याकडे येणाऱ्या विधी महाविद्यालयांच्या संघांसाठी हे माहितीपत्रक आहे. प्रतिपक्षाने मेमोरियलमध्ये कुठेही न मांडलेला मुद्दा उभे राहून मांडला आणि त्यावर उत्तर देण्यास फक्त दोन मिनिटे उरली, तर ती कशी वापरावीत, एवढाच विषय येथे घेतला आहे.

प्रथम नियमांविषयी. रिबटलमध्ये याचिकाकर्त्याने केवळ प्रतिवादीच्या तोंडी युक्तिवादाला उत्तर द्यायचे असते आणि सर-रिबटलमध्ये प्रतिवादीने केवळ त्या रिबटलला. हा वेळ बहुतेक स्पर्धांमध्ये संघाच्या एकूण वेळेतूनच जातो, म्हणून तो फेरी सुरू होण्यापूर्वी कोर्टमास्टरकडे राखून ठेवावा लागतो. जेसप स्पर्धेत याचिकाकर्त्याने रिबटल सोडून दिले, तर सर-रिबटलही उरत नाही. त्यामुळे प्रतिवादी संघाने आपला सर्वांत भक्कम मुद्दा सर-रिबटलसाठी राखून ठेवणे धोक्याचे आहे. आपल्या स्पर्धेचे नियम मात्र प्रत्येक वेळी स्वतंत्रपणे वाचावेत.

सरावासाठी आम्ही जे काल्पनिक प्रकरण वापरतो, त्यावरूनच पुढचे सारे समजावून देतो. एका कंत्राटदाराला राज्याच्या एका विभागाने पाच वर्षांसाठी काळ्या यादीत टाकले आहे. कामास उशीर झाल्याबद्दल त्याला कारणे दाखवा नोटीस मिळाली होती, तिच्यात ‘करारातील कलम 14 नुसार कारवाई का करू नये’ असे विचारले होते, परंतु काळ्या यादीचा शब्द तिच्यात नव्हता. याचिकाकर्त्याचा सारा भर नैसर्गिक न्यायाच्या भंगावर आहे. प्रतिवादीच्या मेमोरियलमध्ये नोटीस पुरेशी होती एवढेच म्हटले आहे. प्रत्यक्ष फेरीत मात्र त्यांचा वक्ता म्हणतो: ‘कंत्राटदाराने पत्राने उशीर मान्य केला आहे. मान्य तथ्यांवरून एकच निष्कर्ष निघत असेल, तर सुनावणी देऊनही काही बदलले नसते, म्हणून कोणतीही हानी झालेली नाही.’ त्याच्या आधारासाठी तो एस. एल. कपूर विरुद्ध जगमोहन (1980) हा निवाडा पुढे करतो.

हा मुद्दा ऐकताच टेबलावर बसलेल्या रिसर्चरने त्या वक्त्याचे वाक्य शक्य तितके त्याच्याच शब्दांत टिपून घ्यावे. सारांश लिहिल्यास पुढे ‘आम्ही असे म्हटलेच नव्हते’ हे उत्तर ऐकावे लागते आणि दोन मिनिटांतला मोठा भाग त्या वादात जातो. मग त्या वाक्याखाली एकच प्रश्न लिहावा: हे मान्य केले, तर आपली कोणती प्रार्थना कोसळते? ज्या मुद्द्याने एकही प्रार्थना कोसळत नाही, तो मुद्दा ऐकताना कितीही टोचला तरी रिबटलमध्ये घेऊ नये. येथे मात्र आदेश रद्द करण्याची मुख्य प्रार्थनाच धोक्यात येते, म्हणून दोन्ही मिनिटे याच मुद्द्याला द्यावीत, असे आमचे स्पष्ट मत आहे. दोन मिनिटांत तीन मुद्दे मांडणारा वक्ता तिन्ही अर्धेच मांडतो.

आता उत्तर कुठे सापडते ते पाहू. प्रतिपक्षाच्या वाक्यात ‘मान्य तथ्यांवरून एकच निष्कर्ष’ ही अट आहे आणि तीच त्यांची कमजोर बाजू आहे. कंत्राटदाराने उशीर मान्य केला आहे, पाच वर्षांची शिक्षा नव्हे. त्याच पत्रात पुरामुळे रस्ते बंद असल्याचे कारण दिले आहे. कारवाई दंडाची, अनामत जप्तीची की काळ्या यादीची, आणि काळी यादी असल्यास किती वर्षांची, असे अनेक निष्कर्ष शक्य होते. गोरखा सिक्युरिटी सर्व्हिसेस विरुद्ध दिल्ली सरकार (2014) या निवाड्यात सर्वोच्च न्यायालयाने नेमका हाच विचार केला आहे. काळ्या यादीचा प्रस्ताव नोटिशीत असता, तर कसूर झालेली असूनही एवढी टोकाची शिक्षा का नको हे त्या पक्षाला सांगता आले असते, म्हणून हानी झाली नाही असे म्हणता येत नाही, असे न्यायालयाने म्हटले.

दोन मिनिटे म्हणजे संथ गतीने साधारण अडीचशे शब्द. परंतु बेंचकडून किमान एक प्रश्न येतो, असे धरून तयारी पावणेदोनशे शब्दांचीच ठेवावी. पहिल्या पंधरा सेकंदांत प्रतिपक्षाचे वाक्य उद्धृत करावे, पुढच्या अर्ध्या मिनिटात ‘उशीर मान्य, शिक्षा अमान्य’ हा भेद तथ्यपत्रातील परिच्छेद क्रमांकासह दाखवावा, त्यानंतरच्या अर्ध्या मिनिटात गोरखा निवाडा सांगावा आणि त्याचे पान कंपेंडियममध्ये आधीच खूण करून ठेवलेले असावे. शेवटी प्रार्थनेशी जोडणारे एक वाक्य. उरलेला वेळ प्रश्नासाठी मोकळा ठेवावा. प्रश्न आला नाही, तर तो वेळ भरून काढण्याचा मोह टाळून खाली बसावे.

याचिकाकर्त्याने येथे आणखी एका गोष्टीची काळजी घ्यायला हवी, कारण शेवटचा शब्द प्रतिवादीचा असतो. गोरखा निवाड्यातच एक दार उघडे आहे: नोटिशीत कारवाईचा स्पष्ट उल्लेख नसला, तरी नोटीस वाचून ती कारवाई निःसंदिग्धपणे लक्षात येत असेल तर चालते. जाणकार प्रतिवादी सर-रिबटलमध्ये हेच दार वापरील आणि म्हणेल की नोटिशीत कलम 14 चा उल्लेख होता, त्या कलमात काळी यादी आहे, म्हणून कंत्राटदाराला ती समजत होती. हे सर-रिबटल नियमात बसते, कारण ते रिबटलमध्ये उद्धृत झालेल्या निवाड्यालाच उत्तर देते, आणि ते दीड मिनिटात पूर्ण होते. याउलट त्याच वेळी ‘कंत्राटात लवादाचे कलम असल्याने याचिका चालूच शकत नाही’ असे नवे सांगितले, तर बेंच थांबवते आणि गुणही जातात.

म्हणून रिबटलमध्येच एक वाक्य त्यावर खर्चावे: कलम 14 मध्ये तीन वेगवेगळ्या कारवाया आहेत आणि त्यांपैकी कोणती प्रस्तावित आहे हे नोटीस सांगत नाही. हे वाक्य आधी उच्चारले गेले, तर प्रतिवादीला फक्त कलमाकडे बोट दाखवून भागत नाही. तीन पर्यायांतून काळी यादीच कशी कळली, हे दाखवावे लागते. तथ्यपत्रात त्याचा आधार आहे का, हे प्रतिवादीच्या रिसर्चरने रिबटल चालू असतानाच शोधावे.

आखणी फसत असल्याची खूण सरावात लवकर दिसते. वक्त्याचे पहिले वाक्य ‘आम्ही आमच्या युक्तिवादात म्हटल्याप्रमाणे’ असे सुरू झाले, की तो उत्तर देत नसून पुन्हा मांडणी करत आहे. दुसरी खूण प्रश्नाच्या वेळी दिसते. एस. एल. कपूर निवाड्यात शेवटी काय ठरले, असे बेंचने विचारले आणि वक्ता अडखळला, तर त्याने केवळ प्रतिपक्षाने सांगितलेले विधान ऐकले आहे, निवाडा वाचलेला नाही. त्या निवाड्यात नवी दिल्ली नगरपालिका समिती बरखास्त करण्याचा प्रश्न होता, सुनावणी आवश्यक होती असेच न्यायालयाने म्हटले आणि सुनावणी नाकारणे हीच स्वतः हानी असल्याचे सांगितले. प्रतिपक्षाचा आधार त्यातील एका मर्यादित अपवादावर उभा आहे, हे कळलेला वक्ता प्रश्नाचा फायदा करून घेतो.

सरावाच्या दिवशी संघाने मूट प्रॉब्लेम, स्पर्धेचे नियम, दोन्ही बाजूंची मेमोरियल्स आणि कंपेंडियम सोबत आणावे. अनपेक्षित मुद्दा कोणता असेल, तो कोणत्या क्षणी मांडला जाईल, हे आमचे सराव-न्यायाधीश ठरवतात आणि संघाला आधी सांगत नाहीत.