गडद पार्श्वभूमीचे सादरीकरण

काळ्या किंवा काळसर पार्श्वभूमीवर उजळ अक्षरे, आलेख, लोगो आणि छायाचित्रे मांडलेली स्लाइडमाला. बेळगावच्या उद्यमबागेतील एखाद्या फाउंड्रीने गिऱ्हाइकाला दाखवायची पीपीटी उदाहरणादाखल घेऊ. तिथे दाखवायचा मालच काळपट, म्हणून अडचणी लगेच उघड्या पडतात.

पहिली अडचण आलेखाची. पॉवरपॉइंटमध्ये Format Background मधून स्लाइडला काळा रंग दिला, तर फक्त पार्श्वभूमी रंगते. अक्षरांचा रंग थीमप्रमाणे काळाच राहतो. महिनावार रिजेक्शनच्या आलेखात स्तंभ दिसतात, पण खालची महिन्यांची नावे आणि बाजूचे आकडे गडप होतात. मग एकेक आकडा हाताने पांढरा करत बसावे लागते. त्याऐवजी Design > Variants > Background Styles मधून Style 4 निवडावी. त्याने थीममधील उजळ आणि गडद रंगांची अदलाबदल होते व थीमचे रंग वापरणारी अक्षरे आपोआप पांढरी होतात. एक्सेलमधला आलेख चिकटवतानाही Use Destination Theme निवडायचे. चित्र म्हणून चिकटवलेल्या आलेखाला हा बदल लागू होत नाही.

लोगोचे दुखणे वेगळे. जेपीजी लोगो पांढऱ्या चौकटीसकट येतो, आणि काळ्यावर ते ठिगळ डोळ्यांत खुपते. पारदर्शक पीएनजी आणला की ठिगळ जाते, पण गडद निळी अक्षरेही बुडतात. #121212 या काळ्यावर #1F3864 हा निळा ठेवला तर उजळपणाचे गुणोत्तर जेमतेम 1.6:1 भरते. वेबसाठीच्या डब्ल्यूसीएजी निकषांनुसार साध्या मजकुराला किमान 4.5:1, आणि मोठी अक्षरे व आलेखातील रेषांना 3:1 हवे. कंपनीकडून लोगोची पांढरी आवृत्ती मागून घेणे हा खरा उपाय. रंग उलटे करण्याची युक्ती टाळावी. निळ्याचा पिवळा झाला की गिऱ्हाईक लोगो ओळखणार नाही.

कास्टिंगचे छायाचित्र पार्श्वभूमी कापून टाकले तर कडा काळ्यात विरघळतात आणि भागाचा आकारच कळत नाही. फिकट करड्या कागदावर ठेवून, मागून एक दिवा लावून फोटो काढला की कडेला उजेडाची रेघ येते. असा फोटो चौकटीसकटच लावावा. जुना, काळवंडलेला फोटो असेल तर भोवती बारीक करडी किनार द्यावी. मराठी आणि कन्नड मजकूर बारीक वजनाच्या फॉन्टमध्ये ठेवू नये: शुभ्र अक्षरांची झाक पसरते आणि मात्रा, वेलांट्या भरून येतात. किंचित मळकट पांढरा बरा.

प्रोजेक्टर काळा रंग टाकू शकत नाही. काळ्या जागी पडदाच दिसतो. खिडक्या उघड्या असलेल्या हॉलमध्ये तो करडा पडतो आणि लॅपटॉपवर उठून दिसणाऱ्या मंद रेषा नाहीशा होतात. अशा वेळी Style 1 वर परतावे. थीमचे रंग वापरलेली अक्षरे लगेच काळी होतात. पांढरा लोगो मात्र हातानेच बदलावा लागतो.