आभारप्रदर्शन आणि आभारपत्र

दादर-पार्ल्याकडच्या व्याख्यानमालांत शेवटची पाच मिनिटं आभारप्रदर्शनाची. अध्यक्ष, देणगीदार, सभागृहाचे व्यवस्थापक, माइकवाले, चहावाले, सगळ्यांची नावं घ्यायची. एक राहिलं तर वर्षभर ऐकून घ्यावं लागतं. वक्त्याच्या वाट्याला ‘अतिशय अभ्यासपूर्ण विवेचन’ एवढंच येतं. त्यात गैर काही नाही, लोकांना लोकल गाठायची असते.

घोळ होतो तो नंतर. चिटणीस तोच मजकूर संस्थेच्या लेटरहेडवर टाइप करून वक्त्यांना पाठवतात आणि त्याला आभारपत्र म्हणतात. पण पत्र वाचणारा माणूस एकटाच असतो, आणि आपण अभ्यास केलाय हे त्याला आधीच ठाऊक असतं. आपलं कुठलं बोलणं कोणापर्यंत पोचलं, एवढंच त्याला व्यासपीठावरून दिसलेलं नसतं.

समजा, व्याख्यान मुंबईच्या पाण्यावर होतं. वक्त्या १८६०च्या विहार तलावापासून तानसा, भातसापर्यंत आल्या आणि जाता जाता म्हणाल्या, की ज्या शहापूर तालुक्यातून आपल्याला पाणी येतं, तिथल्याच गावपाड्यांवर उन्हाळ्यात टँकर जातात. ‘मुंबईच्या पाण्याचा इतिहास आपण उत्तम उलगडलात’ असं लिहिलं, तर ते आभारप्रदर्शनच झालं. पत्र असं हवं:

‘सा. न. वि. वि. शहापूरच्या टँकरचा उल्लेख आपण दोनच वाक्यांत केलात, पण चहाच्या वेळी बोलणं त्यावरच चाललं होतं. गिरगावातल्या एका आजी म्हणाल्या, “पाणी पहाटे चारला येतं म्हणून मी जन्मभर कुरकुरले, ते कुठून येतं हे कधी विचारलं नाही.” आमच्या एका तरुण सभासदाने दुसऱ्या दिवशी नकाशा काढून तानसा ते मुंबई ही जलवाहिनी शोधली.’

बस, एवढंच. दोन मुद्दे, दोन माणसं. सगळ्या व्याख्यानाचा गोषवारा नको, तो त्यांनीच तर सांगितला होता.

असं पत्र घरी बसून आठवून लिहिता येत नाही. चहाच्या वेळी कोणीतरी कान देऊन, श्रोत्यांचे शब्द तिथल्या तिथे टिपून ठेवावे लागतात. आठवडा उलटला की ‘सर्वांना फार आवडलं’ एवढंच उरतं. टिपताना श्रोत्याचं मत वक्त्याच्या तोंडी जाणार नाही, हेही बघावं. ‘मुंबईने पाणी पळवलं’ असं मागच्या रांगेतला कोणी म्हणाला असेल, वक्त्या नव्हे. आकडा किंवा साल लिहायचं असेल तर ध्वनिमुद्रण ऐकून घ्यावं.

पत्र नीट जमलंय का, हे कळायला सोपं आहे. वक्त्याचं नाव आणि विषय झाकून वाचा. तेच पत्र मागच्या महिन्यातल्या हृदयरोगतज्ज्ञांनाही चालत असेल, तर ते पुन्हा लिहा.

आणि मानधनाची पावती, स्लाइड पाठवण्याची विनंती, पुढच्या वर्षीचं आमंत्रण, यांतलं काहीही ताजा कलम म्हणून खाली जोडू नका. त्यासाठी दुसरं पत्र पाठवा.