सपाट दिसलेली चकती आणि लपलेला ताण

पुठ्ठ्याच्या एकाच बाजूला खळ लावून कागद चिकटवला की दुसऱ्या दिवशी पुठ्ठा कागदाच्या बाजूला वळलेला सापडतो. ओला कागद फुगलेला असतो. वाळताना त्याला आकसायचं असतं, पण पुठ्ठा त्याला आकसू देत नाही. मग कागद ताणलेलाच राहतो आणि पुठ्ठ्याला आपल्याकडे ओढून घेतो. पुठ्ठा किती वाकला हे मोजलं, तर कागदात किती ताण आहे हे कळायला हवं.

1909 मध्ये स्टोनी नावाच्या अभियंत्याने हेच धातूंवर करून पाहिलं. 0.32 मिलिमीटर जाडीच्या पोलादी पट्ट्यांच्या एका बाजूवर त्याने विजेच्या साहाय्याने निकेलचा थर चढवला. पट्ट्या वाकल्या. त्या वाकण्यावरून त्याने थरातला ताण काढला. त्याचं सूत्र, थोड्या दुरुस्तीनंतर, चिप बनवणाऱ्या प्रयोगशाळांत आजही वापरतात:

```
σ = M · h_s² / (6 · R · h_f)
```

σ म्हणजे थरातला ताण, h_s ज्या चकतीवर थर चढवला तिची जाडी, h_f थराची जाडी आणि R वक्रतेची त्रिज्या. M हा चकतीचा ताठरपणा. खुद्द थर किती ताठर आहे, हे सूत्र विचारतच नाही! नवीनच पदार्थाचा थर असला, त्याचे गुणधर्म कुणी मोजलेले नसले, तरी अडत नाही. थर चकतीच्या मानाने अगदी पातळ हवा, एवढीच अट.

आता एक खरंखुरं वाटेल असं उदाहरण घेऊ. सिलिकॉनची 100 मिलिमीटर व्यासाची, 525 मायक्रॉन जाडीची चकती, म्हणजे वेफर (बटाट्याचा नव्हे). तिच्यावर 150 नॅनोमीटर सिलिकॉन नायट्राइड चढवायचं आहे. आधी कोरी चकती मोजायची. लेझरचा किरण चकतीवरून 80 मिलिमीटर सरकवत नेतात आणि परावर्तित किरण किती वळतो ते पाहतात. समजा, चकती मुळातच मध्यभागी 3 मायक्रॉन वर आलेली निघाली. कोरी चकती अगदी सपाट क्वचितच मिळते.

मग ती सुमारे 800 अंश सेल्सिअसच्या भट्टीत जाते. कमी दाबाखाली वायूंची अभिक्रिया होऊन नायट्राइड बसतं. चकती बाहेर काढून पुन्हा मोजली तर आकडा तोच: 3 मायक्रॉन वर. म्हणजे ताण शून्य?

इथे नवखा माणूस हमखास फसतो. भट्टीत वायू चकतीच्या चहूबाजूंनी फिरतो, त्यामुळे नायट्राइड मागेही तेवढंच बसतं. दोन्ही थर सारख्याच जोराने ओढतात आणि चकती जागची हलत नाही. पुठ्ठा वाकू नये म्हणून बाइंडर मागच्या बाजूलाही कागद लावतो, त्यातलाच हा प्रकार. म्हणून समोरच्या बाजूला संरक्षक लेप देऊन मागचं नायट्राइड प्लाझ्माने खरवडून काढायचं, लेप धुवायचा आणि मग मोजायचं.

आता चकती वाटीसारखी झाली, मध्यभागी 11.5 मायक्रॉन खाली. बदल झाला 3 अधिक 11.5, म्हणजे 14.5 मायक्रॉन. 80 मिलिमीटरवर एवढा बाक म्हणजे वक्रतेची त्रिज्या सुमारे 55 मीटर. डोळ्याला काहीच दिसणार नाही, पण अर्ध्या मीटरवर किरणाचा ठिपका जवळजवळ दीड मिलिमीटर सरकतो. सिलिकॉनचा M सुमारे 180 गिगापास्कल धरून सूत्रात आकडे घातले की ताण येतो 1 गिगापास्कल. चकती थराच्या बाजूला वाटीसारखी वळली, म्हणजे हा ओढीचा ताण. थर आणखी जाड केला तर कधीतरी तो स्वतःच्याच ओढीने तडकतो.

कोऱ्या चकतीचं मोजमाप राहून गेलं असतं, तर नुसत्या 11.5 वरून उत्तर 0.8 गिगापास्कल आलं असतं. दोन्ही वेळा चकती त्याच दिशेने ठेवायला हवी, तीही याचसाठी. तिचा मूळचा बाक सगळीकडे सारखा नसतो, आणि ती फिरवून ठेवली तर वजाबाकी चुकते.

चकतीची जाडी खोक्यावर छापलेली तशीच घेऊ नये. सूत्रात तिचा वर्ग आहे. 525 च्या जागी खरी जाडी 505 असेल, तर ताण सुमारे आठ टक्क्यांनी चुकतो. वेफर एकेक करून मोजायचा कंटाळा इथे अंगाशी येतो.

आणखी एक गंमत नायट्राइडच्या रंगाची. थर सुमारे 84 नॅनोमीटर असला, तर 670 नॅनोमीटरचा लाल किरण परावर्तित होतच नाही म्हटलं तरी चालेल. थराच्या वरून आणि खालून परतणारे किरण एकमेकांना मारून टाकतात, आणि यंत्र अंधारात काहीतरी आकडे देत बसतं. आलेख खरबरीत दिसला तर ताणाचा विचार करण्याआधी परतलेल्या प्रकाशाची तीव्रता पाहावी. बऱ्याच यंत्रांत यासाठी दुसऱ्या तरंगलांबीचा लेझरही ठेवलेला असतो.