स्प्लिटचे वॉट, वॉटचा स्प्लिट

रोइंग मशीनच्या मॉनिटरवर २:०० असा आकडा दिसतो. याच वेगाने वल्हवत राहिलात तर पाचशे मीटर पार करायला दोन मिनिटे लागतील, असा त्याचा अर्थ. या आकड्याला स्प्लिट म्हणतात. एक बटण दाबले की त्याच जागी २०२ किंवा २०३ वॉट दिसतात. दोन्ही आकडे एकाच श्रमाचे आहेत, पण ते एकमेकांशी सरळ प्रमाणात बदलत नाहीत. स्प्लिट थोडा उतरला की वॉट भराभर चढतात. हे नाते नीट उमगले नाही, तर सरावाचे आखलेले सगळे आकडे चुकू शकतात.

सुरुवात मशीनच्या पोटातून करावी लागते. आपण हँडल ओढतो तेव्हा साखळीमुळे पंख्याची पाती लावलेले एक जड चाक फिरते. त्याला अडवते ती हवा. चाक दुप्पट वेगाने फिरवले, तर हवेचा विरोध चौपट होतो. शक्ती म्हणजे विरोध गुणिले वेग. विरोध चौपट आणि वेग दुप्पट, म्हणून लागणारी शक्ती आठपट. वेगाचा घन येतो तो इथून. पाण्यावरच्या होडीलाही ढोबळमानाने हाच नियम लागू पडतो, म्हणून मशीनला होडीचा आभास निर्माण करणे जमते.

आता एक बाब, जी बहुतेकांना उलटी वाटते. मॉनिटर आधी स्प्लिट मोजून मग वॉट काढत नाही. तो आधी वॉट काढतो. हँडल पुढे परत जात असताना चाकाला कोणी ओढत नसते आणि ते हवेमुळे मंदावते. किती झपाट्याने मंदावले, यावरून मॉनिटरला त्या क्षणी हवेचा विरोध किती आहे ते कळते. याला ड्रॅग फॅक्टर म्हणतात आणि तो दर स्ट्रोकला नव्याने मोजला जातो. हा विरोध आणि चाकाचा वेग यांवरून वॉट निघतात. त्यानंतर मॉनिटर विचारतो, एवढ्या शक्तीने एक ठरावीक काल्पनिक होडी किती वेगाने गेली असती? स्प्लिट हे त्या प्रश्नाचे उत्तर आहे.

म्हणूनच पंख्याच्या बाजूची डॅम्परची दांडी १ वर असो की १० वर, वॉट आणि स्प्लिट यांचे नाते तसूभरही बदलत नाही. दांडी वर केली की हवा जास्त आत येते, चाक जड वाटते आणि तेवढ्याच वॉटला ते हळू फिरते. मॉनिटर ते जमेस धरतो. दांडी दहावर ठेवल्याने शरीर लवकर थकेल किंवा नाही, हा प्रश्न स्नायूंचा आहे; सूत्राचा त्याच्याशी संबंध नाही.

जगभर सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या कॉन्सेप्ट२ या मशीनसाठी ती काल्पनिक होडी एका आकड्यात मावते, २.८०. वेग मीटर प्रति सेकंदात घ्या, त्याचा घन करा, २.८० ने गुणा, की वॉट मिळतात. पण स्प्लिट ही पाचशे मीटरची वेळ असल्यामुळे ते मांडायला याहून सोपा मार्ग आहे. पाचशेचा घन साडेबारा कोटी. त्याला २.८० ने गुणले की बरोबर ३५ कोटी. म्हणजे स्प्लिट सेकंदांत लिहिला, तर:

```
W = 350000000 / t^3
t = (350000000 / W)^(1/3)
```

पस्तीस कोटी हा आकडा लक्षात ठेवला की दुसरे काही पाठ करावे लागत नाही. १:४० हा स्प्लिट घ्या. सेकंद शंभर, त्याचा घन दहा लाख, पस्तीस कोटींना दहा लाखांनी भागले की ३५० वॉट, एकही दशांश नाही. हिशेब तपासायला मला हाच आकडा सर्वात सोयीचा वाटतो. तुमच्या सूत्रात किंवा तक्त्यात शंभर सेकंदांना ३५० वॉट येत नसतील, तर पुढचे काहीही पाहण्यात अर्थ नाही.

१:४५ चे काय? १०५ सेकंद, घन ११,५७,६२५, भागाकार ३०२.३ वॉट. इथे सर्वात जास्त होणारी चूक म्हणजे १:४५ ला १.४५ मिनिटे समजणे. १.४५ मिनिटे म्हणजे ८७ सेकंद, आणि त्याचे ५३१.५ वॉट येतात. उत्तर शंभर सेकंदांच्या ३५० वॉटपेक्षा जास्त आले, आणि स्प्लिट तर त्याहून मंद आहे. चूक तिथेच उघडी पडते.

उलट दिशेला २५० वॉटचा स्प्लिट काढू. पस्तीस कोटी भागिले २५० म्हणजे १४ लाख. याचे घनमूळ हवे. १११ चा घन १३,६७,६३१ आणि ११२ चा १४,०४,९२८, म्हणजे उत्तर ११२ च्या जरासे अलीकडे. नीट काढले तर १११.९ सेकंद, म्हणजे १:५१.९. घनमुळाचा तक्ता हाताशी नसला तरी असे दोन घन काढून मधली जागा हेरता येते, आणि सरावाच्या कामाला तेवढी अचूकता पुरते.

घनाचा परिणाम सर्वात ठसठशीत दिसतो तो एका सेकंदाच्या किमतीत. २:३० वरून २:२९ वर यायला सुमारे २ वॉट जास्त लागतात. २:०० वरून १:५९ वर यायला ५ वॉट. १:४० वरून १:३९ वर यायला जवळजवळ ११ वॉट. मॉनिटरवर तिन्ही ठिकाणी एकच सेकंद कमी झालेला दिसतो. टक्क्यांत पाहिले तर नियम सोपा आहे. लहान बदलांसाठी स्प्लिटमधला एक टक्का म्हणजे वॉटमधले सुमारे तीन टक्के. वेगवान वल्हवणाऱ्याची प्रगती सेकंदांत मोजली की ती थांबल्यासारखी वाटते. वॉटमध्ये पाहिले की ती चालू असल्याचे दिसते.

याच घनामुळे टक्केवारीने आखलेला सराव फसतो. समजा एखाद्याचा दोन हजार मीटरचा सरासरी स्प्लिट १:४५ आहे आणि त्याला सांगितले की आज सत्तर टक्क्यांवर वल्हव. कशाचे सत्तर टक्के? वॉटचे म्हणायचे असेल तर ३०२.३ चे सत्तर टक्के २११.६, आणि पस्तीस कोटींच्या सूत्राने त्याचा स्प्लिट १:५८.३ येतो. वेगाचे सत्तर टक्के धरले तर १०५ भागिले ०.७, म्हणजे १५० सेकंद, २:३०. तिथे शक्ती उरते १०३.७ वॉट, मूळच्या जेमतेम ३४ टक्के. एकाच शब्दाचे दोन अर्थ काढले की एकाचा सराव नेटका होतो, तर दुसरा तेवढ्याच वेळात निम्म्याहून कमी काम करून उठतो. टक्केवारी सांगणाऱ्याने वॉट की वेग हे स्पष्ट म्हटलेच पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. आणि टक्केवारी वॉटची असेल, तर स्प्लिट थेट गुणून काढू नये. आधी वॉटमध्ये जावे, तिथे टक्के काढावेत, मग परत यावे.

सरासरीतही असाच सापळा आहे, आणि तो थोडा खोल आहे. दोघींनी दोन हजार मीटर ८ मिनिटांत पार केले. पहिलीने शेवटपर्यंत २:०० धरला. दुसरीने पहिले हजार मीटर १:५० ने मारले आणि उरलेले २:१० ने. दोघींचा सरासरी स्प्लिट २:००, मॉनिटरवरची एकूण वेळही तीच.

पहिलीची शक्ती २०२.५ वॉट. दुसरीने २२० सेकंद २६३ वॉट दिले आणि २६० सेकंद १५९.३ वॉट. या दोन वॉटची साधी सरासरी २११ येते, पण ती चुकीची आहे, कारण मंद अर्ध्यात ती जास्त वेळ होती. वॉट वेळेनुसार तोलून सरासरी काढायची. २२० गुणिले २६३ अधिक २६० गुणिले १५९.३, आणि बेरजेला ४८० सेकंदांनी भागायचे. उत्तर २०६.८ वॉट. म्हणजे दुसरीने त्याच आठ मिनिटांत सुमारे दोन टक्के जास्त काम केले आणि घड्याळाने तिला त्याचे काहीच दिले नाही. २०६.८ वॉट तिने एकसारखे दिले असते तर स्प्लिट १:५९.२ राहिला असता आणि वेळ ७:५६.७ लागली असती. वेगवान अर्ध्यात खर्च झालेली जादा शक्ती मंद अर्ध्यात वाचलेल्या शक्तीपेक्षा नेहमीच मोठी असते, कारण घनाचा आलेख वर जाताना अधिकाधिक उभा होत जातो.

म्हणून सरासरी स्प्लिटचे वॉटमध्ये केलेले रूपांतर आणि प्रत्यक्ष सरासरी वॉट हे दोन वेगळे आकडे आहेत. वेग एकसारखा असेल तर दोन्ही जुळतात. जोरात आणि सावकाश अशा पाळ्यांचा सराव असेल, तर तफावत मोठी होते. अशा वेळी प्रत्येक पाळीचे वॉट वेगळे काढून वेळेनुसार तोलणे हाच बरोबर मार्ग.

हा हिशेब स्प्रेडशीटमध्ये करणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. पहिली, 1:45 असे नुसते टाइप केले तर शीट त्याला एक तास पंचेचाळीस मिनिटे समजते. 0:01:45 असे लिहावे लागते. शीट वेळ दिवसाच्या अंशात साठवते, म्हणून सेकंद मिळवायला 86400 ने गुणायचे.

```
=350000000/(A1*86400)^3
=(350000000/B1)^(1/3)
```

तासांची चूक झाली असेल तर वॉट शून्यासारखे, म्हणजे ०.००१४ दिसतात. दुसरी, घनमुळाच्या ओळीतला शेवटचा कंस. `^1/3` असे लिहिले तर शीट घनमूळ काढत नाही, नुसते तिनाने भागते. २५० वॉटला १११.९ ऐवजी साडेचार लाखांच्या वरचा आकडा आला, तर कंस विसरला आहे. दुसऱ्या सूत्राचे उत्तर सेकंदांतच येते; मिनिटांच्या रूपात हवे असेल तर त्याला 86400 ने भागून त्या रकान्याला वेळेचे रूप द्यावे.

२.८० हा आकडा निसर्गाने दिलेला नाही, तो निर्मात्याने ठरवलेला आहे. इतर कंपन्यांच्या मशीनवर तोच स्प्लिट तेवढेच वॉट दाखवेल याची हमी नाही. दुसऱ्या मशीनवर एकदा वॉट आणि स्प्लिट दोन्ही टिपून घ्यावेत, स्प्लिटच्या सेकंदांचा घन वॉटने गुणावा, आणि ३५ कोटींच्या जवळपास येतात का ते पाहावे. वेगवेगळ्या वेगांना हा गुणाकार एकच येत असेल पण पस्तीस कोटी नसेल, तर त्या मशीनने दुसरी होडी गृहीत धरली आहे आणि तो नवा आकडा आपल्या सूत्रात घालता येतो. गुणाकार दर वेगाला बदलत असेल, तर तिथे घनाचा नियमच वापरलेला नाही, आणि त्या मशीनचे स्प्लिट इथल्या सूत्राने बदलू नयेत.

आणि हे वॉट चाकापर्यंत पोहोचलेले वॉट आहेत. सरकत्या बैठकीवर स्वतःचे शरीर पुढे-मागे नेण्यात जी शक्ती जाते, ती त्यात धरलेली नाही. सूत्रात वजनही नाही. ६० किलोच्या आणि ९० किलोच्या माणसाला २:०० साठी तेच २०२.५ वॉट लागतात. खऱ्या होडीत मात्र जड माणसामुळे होडी पाण्यात अधिक बुडते आणि पाण्याचा विरोध वाढतो, त्यामुळे मशीनवर सारखा स्प्लिट असलेली ही दोन माणसे पाण्यावर सारख्या वेगाने जात नाहीत.