काका दुबईत, फोन मस्कतमध्येच

माझे मावशी-काका नाशिकहून निघाले दुबईला, लेकीकडे. मुंबईहून थेट विमान महाग होतं म्हणून मस्कतला तीन तास थांबून पुढे जायचं. काकांनी आठवडाभर आधीच यूएईचा रोमिंग पॅक मारून ठेवला होता, मला चार वेळा सांगूनही झालं होतं की यावेळी सगळं व्यवस्थित आहे. आणि दुबई एअरपोर्टच्या फुकट वायफायवरून पहिली व्हॉइस नोट आली ती अशी, "अरे इथे टॉवरच नाहीये, दुबईत! मस्कतला निदान फुल दांड्या तरी होत्या." व्हॉइस नोट यासाठी की तिथल्या लोकल नेटवर व्हॉट्सॅप कॉल चालत नाही, त्यामुळे पुढची सगळी दुरुस्ती आम्ही निरोपानिरोपीवरच केली.

आता यात गंमत अशी की काकांच्या फोनमध्ये एक नाही, तीन वेगवेगळ्या गोष्टी अडल्या होत्या, आणि बाहेरच्या देशात नेट बंद पडलं की बहुतेक वेळा यातलंच काहीतरी असतं. फक्त कुठलं, ते ओळखता आलं पाहिजे, नाहीतर माणूस सगळीच बटणं दाबत सुटतो आणि आधी बरोबर असलेलंही बिघडवून ठेवतो. काकांनी मस्कतमध्ये नेमकं हेच केलं होतं.

आधी फोन परदेशात उतरल्यावर काय करतो ते बघू. एअरप्लेन मोड काढला की तो आजूबाजूचे टॉवर ऐकायला लागतो. प्रत्येक टॉवर सतत आपला एक नंबर ओरडत असतो, त्यातले पहिले तीन आकडे देशाचे, ओमानचे 422, यूएईचे 424. तुमच्या सिममध्येही एक 15 आकडी नंबर असतो (आपला मोबाइल नंबर नव्हे, हा वेगळा), त्याच्या सुरुवातीला 404 किंवा 405 असतं म्हणजे हे सिम भारतातलं. फोन एक टॉवर निवडतो आणि म्हणतो मला आत घ्या. तिथलं नेटवर्क तो नंबर बघून ओळखतं की हा पाहुणा आहे, आणि भारतातल्या आपल्या कंपनीला विचारतं की हा तुमचाच का, याला घेऊ का. आपली कंपनी हो म्हणाली की नोंद होते, आणि नोंद झाल्याचं कळलं की आपलीच कंपनी तो "वेलकम टू ओमान" वगैरे मेसेज पाठवते.

हा मेसेज लोक न वाचता उडवतात, पण निदान करायला याच्याइतकी चांगली खूण नाही. तो आला याचा अर्थ टॉवर सापडला, तिथल्या नेटवर्कने घेतलं, आणि तुमच्या सिमवर इंटरनॅशनल रोमिंगची सेवा चालू आहे. म्हणजे अडचण असलीच तर आता ती फक्त डेटाची. मेसेज नाही, दांड्या नाहीत, नुसतं No Service किंवा Emergency calls only दिसतंय, तर डेटाचं बटण कितीही दाबा काही होणार नाही, कारण अजून दारातच आहात.

मस्कतमध्ये काकांना मेसेज आला होता. नेट नव्हतं, कारण साधं, पॅक यूएईचा होता आणि मस्कत ओमानमध्ये. पॅक म्हणजे देशांची यादी असते, "गल्फ" असं काही फोनला कळत नाही. तिथे तीन तास वायफायवर काढायचे, बस. पण काकांना वाटलं सेटिंगच चुकलंय, म्हणून ते आत शिरले, नेटवर्कच्या पानावर जाऊन Automatic काढलं, यादीतून हाताने तिथलं दुसरं एक नेटवर्क निवडलं, तरी नाही झालं, मग अजून इकडेतिकडे चार बटणं फिरवली आणि वैतागून फोन खिशात टाकला.

विमान दुबईला उतरलं, पण फोनला अजून सांगून ठेवलेलं होतं की फक्त ते मस्कतवालंच नेटवर्क घे. हाताने निवड केली की नियमच तसा आहे, ते नेटवर्क दिसलं नाही तर फोन मनाने दुसरं धरत नाही, मुकाट बसतो. काही फोन रीस्टार्ट केल्यावर विसरतात, काही विचारतात की हे सापडत नाही, दुसरं घेऊ का, आणि काही अगदी आज्ञाधारक असतात. काकांचा आज्ञाधारक निघाला. मी लिहिलं, "काका, जिथे नेटवर्क निवडलं होतंत ना तिथेच जाऊन Automatic परत चालू करा आणि दोन-तीन मिनिटं काहीही करू नका." काकांना दोन-तीन मिनिटं काहीही न करणं अवघड असतं, पण केलं. यूएईचा वेलकम मेसेज आला.

दांड्या आल्या, नेट नाही.

आता दुसरं कुलूप, आणि हे फोनच्याच आत असतं. Data Roaming नावाचा स्विच. याचा टॉवरशी किंवा पॅकशी काहीही संबंध नाही, फोन स्वतःच स्वतःला बजावतो की सिम परक्या नेटवर्कवर असेल तर डेटाचं कनेक्शन मागायचंच नाही. कॉल आणि एसएमएसला हा हात लावत नाही, म्हणूनच ओटीपी येतो पण नेट चालत नाही असं दृश्य दिसतं. तो मुद्दाम बंद ठेवलेला असतो कारण फोन खिशात असतानाही मागे फोटो बॅकअप, ॲप अपडेट चालूच असतात आणि पॅक नसेल तर रोमिंगचा डेटा भयंकर महाग पडतो. आयफोनवर तो मोबाइल डेटाच्या आत Data Roaming नावाने असतो, ॲन्ड्रॉइडवर त्या त्या सिमच्या पानावर, आणि दोन सिम असतील तर दोघांचे स्विच वेगळे. इथे एक फसगत फार होते, पॅक मारलेला असतो सिम दोनवर आणि मोबाइल डेटासाठी निवडलेलं असतं सिम एक. मी काकांना तेही बघायला लावलं, ते मात्र बरोबर होतं. पण स्विच बंद होता, मस्कतच्या त्या चार बटणांमध्ये हा पण फिरला होता.

ओळखायचं कसं? बहुतेक फोनवर हा स्विच बंद असला की दांड्यांशेजारी 4G किंवा LTE अशी अक्षरंच येत नाहीत, नुसत्या दांड्या. चालू केला की अक्षरं येतात, पुष्कळ ॲन्ड्रॉइड फोनवर छोटा R पण दिसतो. काकांनी स्क्रीनशॉट पाठवला, 4G आलं होतं, R आलं होतं. आणि तरी काहीच उघडत नव्हतं.

हे तिसरं कुलूप, आणि हे दुबईत नसतंच, भारतात असतं. रोमिंगमध्ये आपला डेटा साधारणपणे तिथल्या तिथे इंटरनेटवर जात नाही. दुबईचं नेटवर्क तो एका बंद बोगद्यातून आपल्या कंपनीच्या भारतातल्या गेटवेपर्यंत आणून सोडतं आणि तिथून तो इंटरनेटवर पडतो. म्हणून तर दुबईत बसून गूगल तुम्हाला भारतात समजतं, आणि चीनमध्ये परदेशी सिमवर गूगल उघडतं पण हॉटेलच्या वायफायवर उघडत नाही. याच कारणाने रोमिंगचं नेट जरा जड वाटतं. न्यूयॉर्कमध्ये भारतीय सिमवरून न्यूयॉर्कच्याच सर्व्हरवरची साइट उघडली तर निरोप भारतात येऊन परत तिथे जातो, आणि उत्तरही तसंच फिरून येतं, मिळून जवळपास 50,000 किलोमीटर. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला साधारण 2 लाख किलोमीटर जातो, म्हणजे पाव सेकंद नुसत्या प्रवासात. तो बिघाड नव्हे, सेटिंग बदलून काही मिळणार नाही.

तर त्या गेटवेवर हिशेबनीस बसलेला असतो. तो बघतो या सिमवर पॅक आहे का, या देशाचा आहे का, चालू झालाय का, आजचा कोटा शिल्लक आहे का, आणि हा माणूस कुठल्या नेटवर्कमधून आलाय. हा शेवटचा प्रश्न लोकांना माहीतच नसतो. यूएईत जुनी दोन मोठी नेटवर्क आहेत, फोनवर etisalat आणि du अशी नावं दिसतात, आणि एखादा पॅक दोन्हींवर चालेल, एखादा एकावरच. आपली कंपनी शक्यतो फोनला करार असलेल्या नेटवर्ककडे वळवते, पण दरवेळी जमतंच असं नाही. मी काकांना वायफायवरून कंपनीच्या ॲपमध्ये पॅकचं पान उघडून अगदी तळापर्यंत वाचायला सांगितलं. तिथे एकाच नेटवर्कचं नाव होतं आणि फोन बसला होता दुसऱ्यावर.

म्हणजे मगाशी जे करू नका म्हणालो तेच आता करायचं होतं, Automatic काढून यादीतून ते नाव निवडायचं. काका म्हणाले, "अरे नक्की ठरव काय ते!" यादी यायला एखाद-दोन मिनिटं लागतात, तोवर फोन सगळ्या फ्रिक्वेन्सी धुंडाळत असतो, मध्येच मागे फिरू नये.

एक गोष्ट अजून. एखाद्या नेटवर्कने नकार दिला की फोन त्याचं नाव सिमवरच्या एका काळ्या यादीत टाकतो, साध्या सिमवर तिथे चार नावांची जागा असते, आणि मग ऑटोमॅटिकमध्ये त्याच्याकडे बघतही नाही. फोन बंद-चालू करून ही यादी जात नाही कारण ती सिमवर आहे. समजा पहिल्या दिवशी कंपनीने रोमिंगच चालू केलेलं नव्हतं म्हणून नकार आला आणि दुसऱ्या दिवशी चालू केलं, तरी फोन रुसलेलाच राहू शकतो. हाताने एकदा ते नेटवर्क निवडलं आणि त्याने घेतलं की नाव यादीतून निघतं.

काकांचं नेट सुरू झालं, पहिला फोटो आला टॅक्सीच्या मीटरचा.

पण त्याच रात्री साडेदहाला परत मेसेज, नेट गेलं. मला क्षणभर वाटलं सगळं पुन्हा पहिल्यापासून. मग घड्याळ बघितलं, इथे बारा वाजले होते. दुबई आपल्यापेक्षा दीड तास मागे आहे, आणि काही पॅकचा दिवस भारतीय वेळेनुसार मध्यरात्री संपतो, दिवसाचा कोटा पण तेव्हाच बदलतो. पॅक सात दिवसांचा होता, नवा कोटा चढायला मिनिटभर लागलं असेल, एअरप्लेन मोड लावून काढला आणि आलं. रात्री उशिरा निघायच्या दिवशी मात्र हे लक्षात ठेवावं लागतं, पॅकचा शेवटचा दिवस तिथल्या साडेदहालाच संपलेला असतो आणि तुम्ही टॅक्सी शोधत असता.

परतीच्या दिवशी मीच आधी मेसेज केला, विमानात बसायच्या आधी Automatic चालू करा, नाहीतर मुंबईत उतरून फोन दुबईचं नेटवर्क शोधत बसेल. उत्तर आलं मस्कतहून, वायफायवर, "केलंय. आणि इथे कशालाही हात लावलेला नाही."