‘पण हाही पर्याय बरोबरच आहे ना?’ मार्क का गेला, ते एकदा नीट

प्रत्येक टेस्टचा रिझल्ट लागला की आम्हाला सगळ्यात जास्त मेसेज याच विषयावर येतात. पर्यायाचा फोटो, पुस्तकातल्या एका ओळीचा फोटो, त्याखाली लाल रेघ आणि ‘सर, हे पण बरोबर आहे, मार्क का कापला?’ प्रत्येकाला वेगळं उत्तर टाइप करण्यात संध्याकाळ जाते आणि ज्यांचा आक्षेप खरंच विचार करण्यासारखा असतो त्यांचा नंबर शेवटी लागतो, म्हणून हे पत्रक. पालकांनीही वाचावं, कारण बऱ्याचदा भांडायला तेच येतात (राग नाही, आम्हीही पालक आहोत).

मागच्या चाचणीतला ज्यावरून सगळ्यात जास्त वाद झाला तो प्रश्नच घेऊ.

प्रेशर कुकरमध्ये अन्न लवकर शिजण्याचं मुख्य कारण कोणतं?
अ) वाफ कोंडली जाते, त्यामुळे उष्णता बाहेर वाया जात नाही.
ब) दाब वाढल्यामुळे पाणी जास्त तापमानाला उकळतं.
क) दाब वाढल्यामुळे पाणी कमी तापमानाला उकळतं.
ड) वाफेच्या दाबाने अन्न दाबलं जाऊन मऊ पडतं.

उत्तर ब. भरपूर मुलांनी अ लिहिलं, त्यात हुशार मुलंही होती, आणि सगळ्यांचं म्हणणं एकच की वाफ कोंडली जाते हे खोटं आहे का? नाही, खोटं नाही. उष्णता कमी वाया जाते हेही खोटं नाही. नेमकं इथेच गाडी अडते, कारण पर्याय खरा आहे का हे आम्ही विचारलंच नव्हतं, विचारलं होतं ते अन्न लवकर का शिजतं, आणि या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आता अ हा पर्याय मधून तोडून वाचा. पहिला अर्धा भाग ‘वाफ कोंडली जाते’. हा बरोबर आहे, एवढंच नाही तर खऱ्या कारणाची पहिली पायरीच ही आहे, वाफ कोंडल्याशिवाय दाब वाढणार कसा. पण पुढचा अर्धा भाग ‘त्यामुळे उष्णता वाया जात नाही’, इथे पर्यायाने वाट बदलली. वाफ कोंडली, दाब वाढला, उकळण्याचं तापमान वर गेलं, शिजण्याचा वेग वाढला, ही खरी साखळी. अ मध्ये पहिली कडी घेतली आणि तिला दुसऱ्याच साखळीची कडी जोडली. मुलगा पहिले दोन-तीन शब्द वाचतो, ओळखीचे वाटतात, मनात ‘हां हेच’ होतं आणि टिक करून पुढे जातो. पर्यायाचा शेवट वाचला जातच नाही, किंवा वाचला तरी सुरुवातीच्या खरेपणात वाहून जातो.

बरं, उष्णता वाचली म्हणून लवकर शिजेल, हे तरी का चालत नाही? तपासायला सोपं आहे. एक साधं भांडं घ्या, त्यावर झाकण ठेवा पण वाफ बाजूने निघत राहील असं, आणि बाहेरून जाड कापड गुंडाळल्यासारखं काहीतरी करून उष्णता अजिबात बाहेर जाणार नाही असं समजा. पाणी उकळायला लवकर लागेल, आच कमी लागेल, सगळं मान्य. पण एकदा उकळायला लागलं की आतलं पाणी १०० अंशांवरच राहणार. आच दुप्पट केली तरी १००च, फक्त वाफ जास्त होणार. म्हणजे उष्णता वाचवून इंधन वाचतं आणि उकळी लवकर येते, पण उकळी आल्यानंतर शिजायला लागणारा वेळ तेवढाच. कुकरमध्ये मात्र आतला दाब बाहेरच्यापेक्षा साधारण एक वातावरणाने जास्त असतो, त्यामुळे पाणी १२० अंशांच्या आसपास उकळतं, आणि तापमान १० अंशांनी वाढलं की रासायनिक क्रियेचा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो, हा नियम शाळेत शिकलेलाच असतो. वीस अंश जास्त म्हणजे केवढा फरक, ते तुम्हीच बघा.

उलट्या बाजूनेही ताडून बघता येतं. उंच डोंगरावर हवेचा दाब कमी, साधारण ३००० मीटरवर पाणी ९० अंशांच्या आसपासच उकळतं, आणि तिथे उघड्या भांड्यात पाणी कितीही खळखळलं तरी शिजायला जास्त वेळ लागतो. म्हणजे निर्णय तापमानाचा आहे. पर्याय क लिहिणाऱ्यांचा घोळ इथलाच, त्यांना दाब आणि उकळणं यांचा संबंध आहे एवढं लक्षात राहतं पण दिशा उलटी होते. ड बद्दल फार लिहीत नाही, तो ज्यांनी धडा उघडलाच नाही त्यांच्यासाठी असतो.

आता दुसरा नेहमीचा प्रश्न, ‘मग अर्धा मार्क तरी द्या.’ वर्णनात्मक पेपरात आम्ही देतोच, तिथे मुलाने काय विचार केला ते कागदावर दिसतं. इथे फक्त एक गोल रंगवलेला असतो. अ रंगवणाऱ्याने अर्धी साखळी ओळखली होती की डोळे मिटून बोट ठेवलं, कळायला मार्ग नाही. शिवाय हिशोब बघा. चार पर्यायांच्या १०० प्रश्नांत काहीही न वाचता ठोकत गेलेल्या मुलाला सरासरी २५ मार्क मिळतात. प्रत्येक प्रश्नात एका जवळच्या पर्यायाला अर्धा मार्क द्यायचा ठरवला तर त्याच मुलाला सरासरी साडेसदतीस मिळतील, अभ्यास शून्य. काही परीक्षांत चुकीला एक तृतीयांश मार्क कापतात तेही याच कारणाने, तो आकडा हवेतून आलेला नाही, चार पर्याय असताना तेवढं कापलं की निव्वळ अंदाजाचा सरासरी फायदा बरोबर शून्य होतो.

आणि एक गोष्ट स्पष्टच सांगतो, जवळचा पर्याय आम्ही मुद्दाम जवळचा ठेवतो. काही पालकांना ही फसवणूक वाटते. पण बाकीचे तिन्ही पर्याय उघड उघड चुकीचे ठेवले तर न शिकलेलाही बरोबर उत्तर शोधून काढेल, मग चाचणी घेऊन उपयोग काय. आम्ही चुकीचे पर्याय मुलांच्या वह्यांतून उचलतो, वर्गात तोंडी विचारल्यावर जी अर्धवट उत्तरं येतात तीच लिहून ठेवतो. कुकरचा अ हा असाच आलेला आहे.

पण जवळचा असणं आणि संदिग्ध असणं यात फरक आहे आणि ती रेघ आम्ही पाळतो. समजा अ मध्ये फक्त ‘वाफ कोंडली जाते’ एवढंच लिहिलं असतं, आणि प्रश्नात ‘मुख्य’ हा शब्द नसता, तर तुमचा आक्षेप आम्ही मान्य केला असता, कारण मग तो साखळीतलाच भाग झाला असता आणि कुठली कडी निवडायची हे मुलाला कळायला काही साधनच नसतं. म्हणून प्रत्येक चाचणीनंतर आम्ही सगळ्यात जास्त गुण मिळवणारी २७ टक्के मुलं आणि सगळ्यात कमीवाली २७ टक्के मुलं वेगळी काढून प्रत्येक पर्याय कोणी निवडला ते बघतो (ही विभागणी परीक्षाशास्त्रात जुनी आहे, आमचा शोध नाही). वरच्या गटाने ब जास्त निवडला आणि खालच्या गटाने अ जास्त, तर प्रश्न आपलं काम करतोय. उलटं निघालं, म्हणजे वरची मुलंच अ कडे वळली, तर आधी आमची उत्तरसूची तपासतो, मग प्रश्नाची भाषा, आणि दोष सापडला तर प्रश्न रद्द करून सगळ्यांना मार्क देतो. कुकरच्या प्रश्नात हुशार मुलं अ वर गेली खरी, पण त्यांच्या गटात ब वाले बरेच जास्त होते, त्यामुळे तो प्रश्न कायम राहिला.

घरी काय करायचं, तर पर्याय हाताने झाकून आधी मनात उत्तर द्यायचं, अगदी मोडकं तोडकं चालेल. मग पर्याय उघडायचे. दोनावर गाडी अडकली तर त्यांपैकी कुठला ‘जास्त बरोबर’ यावर डोकं खाजवत बसू नका, ते दोन नेमके कुठे वेगळे आहेत तो शब्द शोधा. अ आणि ब मध्ये फरक ‘उष्णता’ आणि ‘तापमान’ एवढाच आहे, आणि तेवढाच प्रश्न आम्ही विचारलाय. हा फरक दिसला की बहुतेक मुलं आपणच उत्तर बदलतात. लांबलचक पर्यायाचा शेवटचा भाग आधी वाचायची सवयही चांगली. सरळ वर फेकलेल्या चेंडूचा ‘सर्वोच्च बिंदूला वेग शून्य असतो आणि त्वरणही शून्य असतं’ हा पर्याय शेवटाकडून वाचला तर लगेच खटकतो, कारण गुरुत्वाकर्षण तिथेही तेवढंच चालू असतं.

आमच्या टेस्ट सिरीजमध्ये प्रत्येक प्रश्नाच्या चारही पर्यायांचं स्पष्टीकरण देतो, फक्त बरोबर उत्तराचं नाही, आणि रिझल्टसोबतच्या शीटवर तुमच्या मुलाने निवडलेल्या चुकीच्या पर्यायासमोर तो कुठे घसरला ते लिहिलेलं असतं. बरेच जण एकूण गुण बघून शीट बाजूला ठेवतात. दहा मिनिटं काढून ती वाचलीत तर निम्मे मेसेज पाठवावे लागणार नाहीत. ज्यांना त्याच घसरणीवर जास्त सराव हवाय त्यांच्यासाठी फक्त अशा जवळच्या पर्यायांच्या प्रश्नांची वेगळी बॅच आहे, चौकशी ऑफिसमध्ये करा.

आक्षेप घ्यायचाच असेल तर जरूर घ्या, पण ‘हा पर्याय पुस्तकात आहे’ एवढं पाठवू नका. दोनच प्रकारचे आक्षेप आम्ही तपासायला घेतो. एक, आमचं उत्तरच चूक आहे. दोन, तुमचा पर्याय प्रश्नाला आमच्या उत्तराइतकंच उत्तर देतो. दुसऱ्या प्रकारात पर्याय खरा आहे हे सिद्ध करून भागत नाही, तो प्रश्नातल्या ‘का’ पर्यंत कसा पोचतो ते दोन ओळींत लिहावं लागेल. प्रश्न क्रमांक, संच आणि तुमच्या दोन ओळी, एवढं एकाच मेसेजमध्ये पाठवा, मुलाने स्वतः लिहिलेलं असेल तर आधी घेतो.