निमोनियाचा ‘डाग’ आणि सहा आठवड्यांचा फोटो

निपाणी, चिकोडी, खानापूर या पट्ट्यात छातीच्या एक्स-रेला अजूनही ‘फोटो’ म्हणतात, आणि फोटोत काही पांढरे दिसले की त्याला एकच शब्द आहे: डाग. जुन्या क्षयाचा वण, निमोनियाने भरलेला फुफ्फुसाचा भाग आणि कर्करोगाची गाठ, तिन्ही डागच. त्यामुळे निमोनियाच्या रुग्णाचा ताप उतरला, जेवण लागले, आणि दहाव्या दिवशी काढलेल्या फोटोत ‘डाग तसाच आहे’ असे कानावर आले की घरचे गडबडतात. पाकीट काखेत मारून मिरज किंवा कोल्हापूर गाठले जाते. औषध बदलते, कधी दुसऱ्यांदा भरती होते. बहुतेक वेळा फुफ्फुसात नवे काहीच घडलेले नसते.

आजार आणि त्याची खूण एकाच वेगाने जात नाहीत, हे १८९५ साली क्ष-किरणांचा शोध लागण्याआधीच ठाऊक होते. प्रतिजैविके नव्हती तेव्हा निमोनियाचा ताप साधारण सातव्या ते दहाव्या दिवशी, वाचणाऱ्या रुग्णात, घाम फुटून एकदम उतरत असे. बोटांनी छाती ठोकून पाहणाऱ्या डॉक्टरांना मात्र त्यानंतरही बरेच दिवस तिथे ‘बद्द’ आवाज मिळे. फिल्म आली तेव्हा तोच बद्दपणा पांढरा होऊन दिसू लागला, एवढाच फरक.

कारण समजायला सोपे आहे. फिल्मवर जंतू दिसत नाहीत, घनता दिसते. निमोनियात हवेच्या सूक्ष्म पिशव्यांत पाणी, पांढऱ्या पेशी आणि फायब्रिन नावाचा चिकट प्रथिनाचा जाळीदार थर साचतो. औषधाने जंतू दोन-तीन दिवसांत आटोक्यात येतात, पण साचलेला राडा औषधाने जात नाही. तो फायब्रिन विरघळून, सफाई करणाऱ्या पेशींनी गिळून आणि लसवाहिन्यांतून वाहून जावा लागतो. २०१९ च्या पुरात दूधगंगा-वेदगंगेचे पाणी ओसरल्यावर घराघरांत राहिलेला चिखल ज्यांनी उपसला आहे त्यांना जास्त सांगायला नको. उपचारांच्या पहिल्या एक-दोन दिवसांत रुग्ण सुधारत असतानाही फोटो थोडा वाईट दिसू शकतो, हेही त्यातच आले.

किती उशीर, यावर मोजमाप उशिरा आले. १९९४ च्या एका अभ्यासात दोन आठवड्यांनी सुमारे निम्म्याच रुग्णांचे फोटो स्वच्छ झाले होते आणि चार आठवड्यांनी दोन तृतीयांशांचे. वय जास्त असेल आणि फुफ्फुसाचे एकाहून अधिक भाग सापडले असतील तर वेळ वाढत होता. गंभीर निमोनियाच्या २००७ च्या अभ्यासात आकडे आणखी बोलके होते. सातव्या दिवशी ५६ टक्के रुग्ण तब्येतीने सुधारले होते, पण फोटो फक्त २५ टक्क्यांचे निवळले होते. अठ्ठाविसाव्या दिवशी हेच प्रमाण ७८ आणि ५३. म्हणजे महिन्यानेही जवळपास निम्म्यांच्या फोटोत काही ना काही शिल्लक होते.

खरा घोळ इथून सुरू होतो. ‘न विरणारा निमोनिया’ हा शब्द कोणत्या दिवसापासून लावायचा? रिपोर्टमध्ये ‘नॉन-रिझॉल्व्हिंग’ असे लिहिले जाते तेव्हा लिहिणाऱ्यासमोर बहुतेकदा फक्त दोन फिल्म असतात, रुग्ण नसतो. उशिरा विरणारा आणि न विरणारा हा फरक दोन फिल्मवरून, त्यातही दहा दिवसांच्या अंतरावर, करताच येत नाही. शिवाय पहिली फिल्म आडव्या रुग्णाची, समोरून किरण सोडून काढलेली आणि दुसरी उभ्याने, पाठीमागून, अशी असेल तर हृदयाची सावली आणि तळाचा पांढरेपणा दोन्हींत वेगळे दिसणारच. श्वास पूर्ण भरून घेतला नसेल तर फुफ्फुसाचा तळ उगाच पांढरा भासतो. आता तर फिल्मचा मोबाइलवर काढलेला फोटो पाठवला जातो, त्यावरून मत देणाऱ्याची मला भीतीच वाटते.

सहा आठवडे ही मुदत या घोळातून निघालेली तडजोड आहे. तोवर बऱ्याच जणांचे चित्र निवळलेले असते, आणि निमोनियामागे गाठ दडलेली असेल तर ती शोधायला फार उशीरही होत नाही. ब्रिटिश सूचनांनी सहा आठवड्यांच्या फोटोचा सल्ला लक्षणे राहिलेल्यांना आणि कर्करोगाचा धोका जास्त असलेल्यांना, विशेषतः धूम्रपान करणाऱ्यांना व पन्नाशीपुढच्यांना, दिला. २०१९ च्या अमेरिकी सूचनांनी पाच-सात दिवसांत लक्षणे गेलेल्यांना सरसकट पुन्हा फोटो नको असे म्हटले. फुफ्फुसाच्या कर्करोगाच्या तपासणीला पात्र ठरणाऱ्यांसाठी ती स्वतंत्रपणे करावी, अशी पुस्ती जोडली. विडी आणि तंबाखूच्या आमच्या भागात मला पहिली भूमिका जास्त पटते. कोविडने मात्र उलटी सवय लावली. सीटीचा २५ पैकी ‘स्कोर’ ऐकून झोप उडालेली माणसे बरे झाल्यावरही स्कोर उतरला का, हे पाहायला रांगेत उभी राहिली.

एक उदाहरण घेऊ. अठ्ठावन्न वर्षांचे, तीस वर्षे विडी ओढणारे गृहस्थ. उजव्या खालच्या भागात निमोनिया, चौथ्या दिवशी ताप गेला, सहाव्या दिवशी घरी. मुलाच्या आग्रहाने दहाव्या दिवशी फोटो, डाग तसाच, म्हणून लेव्होफ्लॉक्सॅसिन सुरू. इथे दोन चुका झाल्या. फोटोची गरज नव्हती. आणि हे औषध क्षयाच्या जंतूंनाही अर्धवट दाबते, त्यामुळे मागे क्षय असला तर काही दिवस बरे वाटते आणि निदान लांबते. काळजी वाटत असेल तर आधी थुंकीची जीन एक्स्पर्ट तपासणी करून घ्यायला हवी होती. यांना फोटो लागणारच होता, पण सहाव्या आठवड्यात: वय आणि विडी या दोन कारणांसाठी. तेव्हा तो जवळजवळ स्वच्छ, तळाला एक रेघ उरलेली असेल आणि वजन भरत असेल तर काम संपले. तोच भाग तितकाच पांढरा असेल, आक्रसलेला दिसत असेल किंवा फुफ्फुसाच्या मुळाशी गाठ वाटत असेल, तर तिसऱ्या फोटोची वाट न पाहता सीटी, आणि गरज पडल्यास दुर्बिणीने श्वासनलिका तपासणे.

लवकर फोटो काढायचा प्रसंग वेगळाच असतो. योग्य औषध चालू असून तिसऱ्या दिवसानंतरही ताप हटत नाही, किंवा उतरून पुन्हा चढतो, दम वाढतो, एका बाजूला टोचते, तेव्हा छातीत पाणी किंवा पू झाला का, फुफ्फुसात पोकळी पडली का, हे त्याच दिवशी पाहावे लागते; पाण्यासाठी सोनोग्राफी अधिक उपयोगी. पंचविशीतला, विडी न ओढणारा, आठवड्यात शेतावर परतलेला गडी असेल तर त्याला सहा आठवड्यांनीही फोटोची गरज नाही. बऱ्या झालेल्या मुलांनाही नसते. गोल गाठीसारखा दिसलेला निमोनिया, फुफ्फुसाचा भाग आक्रसणे आणि न जाणारी लक्षणे एवढेच अपवाद. थुंकीत रक्त, घटणारे वजन किंवा वर्षभरात त्याच जागी दुसऱ्यांदा निमोनिया झाला असेल तर वय कितीही असो, फोटो हवाच, आणि सोबत जुन्या फिल्मचे पाकीटही.